श्वासाची जकात

गेल्या श्रावणातील एका रात्री, दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्याची कौले पाऊस अखंड वाजवीत असताना, मी पलंगावर तीन उशांना टेकून बसलो होतो आणि माझी सून हातातील घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत माझे श्वास मोजीत होती. मिनिट पुरे झाले तेव्हा तिने आकडा उच्चारला नाही; उशाशी ठेवलेल्या वहीत तो लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी सकाळपासून मी पलंगाखाली पाय ठेवला नव्हता, कसले ओझे उचलले नव्हते, आणि तरीही दिवसभर धान्याची पोती वाहिलेल्या हमालाला यावा तसा शीण माझ्या बरगड्यांत, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि पोटाच्या वरच्या भागात साचून राहिला होता. वहीत आकडा होता ४९. निश्चल बसलेला मनुष्य कशाने थकतो, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात होते, आणि ते मला वाचता येत होते, कारण त्याआधीचे सात-आठ महिने मी दुसऱ्या कशाचाच अभ्यास केला नव्हता.

माझे वडील बडोदा संस्थानात हिशेबी कारकून होते, आणि १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावरही त्यांच्या बोलण्यातून ताळेबंद आणि शिल्लक हे शब्द कधी गेले नाहीत. ‘खर्चाची रक्कम लहान दिसते म्हणून समाधान मानू नये, ती किती वेळा पडते ते पाहावे,’ असे ते मला किर्द लिहायला शिकविताना सांगत. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हिशेब खात्यात माझी सारी नोकरी झाली, आणि ते वाक्य मी असंख्य पावत्यांवर पडताळून पाहिले. परंतु त्याचा खरा अर्थ मला वयाच्या सत्तरीनंतर, स्वतःच्या छातीत उमगला.

माझ्या फुप्फुसांचा विकार कबुतरांपासून आला. आमच्या गच्चीवर आईच्या वेळेपासून रोज सकाळी जुवार टाकण्याचा प्रघात होता. गुजरातेतील पोळांमधून चबुतरे उभारणाऱ्या लोकांच्या ज्या भूतदयेत आम्ही वाढलो, तिचाच तो एक अंश होता, आणि आईच्या पश्चात तीस वर्षे मी तो श्रद्धेने चालविला. पिसांच्या भुकटीतील आणि वाळलेल्या विष्ठेतील प्रथिनांचे सूक्ष्म कण काही माणसांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे दाह निर्माण करतात, आणि त्या दाहाच्या जागी अखेरीस व्रणासारखे राठ तंतू तयार होतात, हे मला ठाऊक नव्हते. भारतातील १९ शहरांमधील रुग्णांची जी पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात फुप्फुसांच्या अशा राठपणाच्या हजारावर रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार हवेतून आत गेलेल्या असल्या कणांमुळेच उद्भवलेला आढळला होता. आमच्या डॉक्टर बाईंनी पाठीला नळी लावून ऐकले, सुनेलाही ऐकविले, आणि दप्तराची चिकटपट्टी ओढून सोडवावी तसा कुरकुर आवाज प्रत्येक श्वासाच्या शेवटी येतो हे तिच्याही ध्यानात आले. जुवार त्याच दिवशी बंद झाली. आठवडाभर कबुतरे गच्चीच्या कठड्यावर येऊन बसत, आणि मी खिडकी लावून घेत असे.

तपासणीत दोन गोष्टी निश्चित झाल्या. पूर्ण छाती भरून सोडलेली हवा माझ्या वयाच्या आणि उंचीच्या मनुष्याकडून सव्वातीन लिटरच्या आसपास अपेक्षित असताना माझी दीड लिटरच भरली; आणि मुखनळी तोंडात धरून शांत बसलो असता माझा प्रत्येक श्वास सुमारे ३०० मिलिलिटरचा, व मिनिटाला ३३ वेळा, असा नोंदला गेला. निरोगी प्रौढ मनुष्य सुमारे ५०० मिलिलिटरचा श्वास मिनिटाला १४ वेळा घेतो. ‘मग मी घाई का करतो?’ असे मी विचारले तेव्हा बाईंनी टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, ‘काका, तुम्ही हिशेब खात्यातले. तुम्हाला तोंडी सांगण्यापेक्षा मांडूनच दाखवते.’ त्यांनी मांडलेला तो हिशेब मी घरी आणून पुन्हा पुन्हा केला, आणि तोच येथे देतो.

आत घेतलेला सर्वच श्वास रक्तापर्यंत पोहोचत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांत अडकलेली हवा ती जागा भरण्यापुरतीच असते. तेथे रक्ताशी देवघेव होत नाही, आणि उच्छ्वासाबरोबर ती जशी आली तशी बाहेर पडते. या निरुपयोगी जागेला मृतावकाश म्हणतात, आणि प्रौढ मनुष्यात तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. शहरात येणाऱ्या प्रत्येक गाडीने, ती मोठी असो की छोटी, नाक्यावर ठराविक दीड माप माल ठेवूनच पुढे जावे असा जणू हा कायदा आहे. ५०० चा श्वास १५० ही जकात भरून ३५० आत नेतो. अशा १४ खेपांत ४९०० मिलिलिटर उपयुक्त हवा वायुकोशांपर्यंत जाते. ३०० चा श्वास मात्र तीच जकात भरून फक्त १५० आत नेतो, आणि तेवढीच ४९०० पोहोचविण्यासाठी ३३ खेपा कराव्या लागतात. पहिल्या मनुष्याला मिनिटाला ७ लिटर हवा हलवावी लागते, मला जवळजवळ १० लिटर. आणि माझ्या श्रमाचा निम्मा भाग नाक्यावरच संपतो.

एवढ्यावरून कोणीही म्हणेल की मग सावकाश आणि खोल श्वास घ्यावा. मीही तेच म्हटले. परंतु हिशेबाची दुसरी बाजू फुप्फुसाच्या ताठपणाची आहे. फुप्फुस हे ताणल्या जाणाऱ्या वस्तूसारखे असते, आणि अशा वस्तूचा धर्म असा की ती दुप्पट ताणायची तर जोर दुप्पट लागतो आणि अंतरही दुप्पट कापावे लागते, म्हणून श्रम चौपट पडतात. निरोगी छाती ५०० मिलिलिटरने फुगविण्याचे श्रम एक रुपया मानले, तर तिच्या मिनिटाचा खर्च १४ रुपये होतो. आता माझी छाती चौपट ताठ झाली आहे असे समजू. तोच ५०० चा श्वास मला चार रुपयांना पडेल, आणि १४ श्वासांचे ५६ रुपये होतील. ३०० च्या श्वासाला मात्र ताण कमी, म्हणून तो एक रुपया चव्वेचाळीस पैशांत येतो. तसे ३३ घेतले तरी साडेसत्तेचाळीस रुपयेच होतात. म्हणजे मी जी घाई करीत होतो ती काटकसर होती. जकात वाढते हे पत्करून शरीर ताण वाचवीत होते.

ही काटकसर कोठपर्यंत चालते, हे पाहण्यासाठी मी तेच कोष्टक पुढे नेले. २५० चा श्वास माझ्या ताठ छातीलाही अगदी एका रुपयाला पडतो, पूर्वीच्या निरोगी श्वासाइतकाच स्वस्त. परंतु त्यातून १०० च मिलिलिटर आत जाते, म्हणून असे ४९ श्वास घ्यावे लागतात आणि खर्च पुन्हा ४९ रुपयांवर चढतो. २०० चा श्वास चौसष्ट पैशांना मिळतो, आणि आत ५० मिलिलिटर नेतो. असे ९८ श्वास लागतील, जे कोणालाच घेता येणार नाहीत, आणि खर्च ६३ रुपये होईल. केवळ ताणाचाच विचार केला तर श्वास जकातीच्या बरोबर दुप्पट असतो तेथे, म्हणजे ३०० ला, खर्च सर्वांत कमी येतो. त्याच्या वर ताण महाग पडतो आणि खाली जकात. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ओटिस, फेन आणि राह्न या तीन शास्त्रज्ञांनी श्वासाच्या यंत्रणेचा असाच हिशेब १९५० साली प्रसिद्ध केला आणि मनुष्य आपल्या श्वासाची गती श्रमाच्या किमान खर्चाजवळ राखतो हे दाखवून दिले. बाईंनी सांगितले नसते तर माझ्या छातीने गणित न शिकता तो बिंदू शोधून काढला होता यावर माझा विश्वास बसला नसता.

एवढे जमले तरी साडेसत्तेचाळीस हे चौदाच्या तिपटीहून अधिकच. काटकसरीने वाचले ते फक्त साडेआठ रुपये. बाकीचा बोजा ताठपणाचा आहे, आणि तो श्वास घेण्याच्या कोणत्याही पद्धतीने उतरत नाही. शिवाय हा पैसा येतो कोठून, तर त्याच श्वासाने मिळविलेल्या प्राणवायूतून. निरोगी मनुष्याच्या श्वसनाच्या स्नायूंना शरीरात खपणाऱ्या प्राणवायूचा अगदी अल्प हिस्सा, शेकड्याला दोन-तीनच्या घरात, पुरतो. माझ्यासारख्यांच्या बाबतीत हा हिस्सा कितीतरी पटींनी वाढतो, आणि वसुलीच्या खर्चातच वसुली बरीचशी संपून जाते. पलंगावर बसून आलेला माझा शीण हा या वसुलीचा शीण होता.

या घाईमागे मनाचा भाग किती, हेही मी विचारले होते, कारण शेजारी मला ‘आप्पा, धीर धरा, घाबरू नका’ असे प्रेमाने सांगत, आणि माझ्याच भित्रेपणामुळे माझा श्वास धावतो की काय असे मला वाटू लागले होते. बाईंनी अवतार सिंग पेंटल या भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे नाव घेतले. वायुकोशांच्या भिंतींत, केशवाहिन्यांच्या अगदी लगत, संवेदनाग्रे असतात हे त्यांनी १९५० च्या दशकात दाखविले. फुप्फुस सुजले वा पाण्याने भरू लागले की ती जागी होतात, आणि मेंदूला लहान व जलद श्वासाचा हुकूम देववितात. हा हुकूम आपल्या इच्छेच्या दफ्तरातून सुटत नाही. ते ऐकून माझ्या मनावरचे एक ओझे उतरले, असे मी प्रांजळपणे लिहितो.

पण हे समजण्यापूर्वी मी एक चूक करून बसलो होतो. कमाटी बागेत रोज पहाटे प्राणायाम करणाऱ्या मंडळींत मी काही दिवस जाऊन बसलो. ती मंडळी सज्जन होती, आणि निरोगी फुप्फुसांना त्यांचा व्यायाम मानवतही असेल. मी दीर्घ पूरक करू लागलो, म्हणजे माझ्या कोष्टकातील चार रुपयांचा श्वास मुद्दाम विकत घेऊ लागलो. पाच-सहा श्वासांनंतर मानेचे स्नायू थरथरू लागत, आणि पुढची दहा मिनिटे मी त्या श्रमाची भरपाई धापांनी करीत असे. मग कपालभाती केली, तर तिच्यात सगळी हवा नाक्यावरच फिरत राहिली. एके दिवशी फाटकापर्यंत येताना तीनदा बाकावर बसावे लागले, तेव्हा मी ते सोडले. ज्यांच्या नळ्या अरुंद झालेल्या असतात त्या दमेकऱ्यांना मंद आणि दीर्घ उच्छ्वासाने खरोखर आराम पडतो, कारण त्यांचा खर्च हवेच्या वेगावर पडतो. माझा खर्च ताणावर पडत होता. दोघांनाही धाप लागते, म्हणून दोघांना एकच उपाय सांगितला जातो, आणि त्यातच घात होतो.

आता त्या श्रावणी रात्रीकडे परत येतो. चार दिवस ताप होता, आणि छातीत नवा संसर्ग झाला होता. माझे कोष्टक ज्या तीन गृहीतांवर उभे होते ती तिन्ही त्या रात्री ढासळली होती. सुजलेले फुप्फुस आणखी ताठ झाले होते, म्हणून एक रुपयाचा श्वास एक रुपयाला मिळत नव्हता. संसर्गाने भरलेल्या भागांत हवा आणि रक्त यांची गाठ पडत नव्हती, म्हणजे मृतावकाश १५० वरून वाढला होता. तो १८० झाला असेल तर २५० च्या श्वासातून ७० च आत जातात, आणि ४९ श्वासांचे मिळून साडेतीन लिटरही भरत नाहीत. आणि तापामुळे शरीराची मागणी ४९०० वर थांबलेली नव्हती. ज्या काटकसरीने मला इतके महिने सांभाळले होते, तिच्या तळाखाली मी उतरलो होतो. येथे प्रत्येक लहान श्वास बचत दिसत होता आणि तोटा होत होता.

स्नायूंच्या दृष्टीने आणखी एक नुकसान होते, आणि ते घड्याळानेच कळते. मिनिटाला १४ श्वास असतात तेव्हा एका श्वासाला चार सेकंदांहून अधिक वेळ मिळतो, त्यातील सुमारे दीड सेकंद श्वासपटल ओढते आणि उरलेला वेळ ते विसावते. ४९ श्वासांत एकेकाला सव्वा सेकंदही मिळत नाही. विसाव्याचा वाटा आकुंचनापेक्षा अधिक वेगाने आटतो, आणि जोराने आवळलेल्या स्नायूत रक्त मुख्यत्वे तो सैल पडतो तेव्हाच शिरते. म्हणून थकवा खर्चाच्या आकड्यावरून वाटतो त्याहून लवकर येतो.

बाईंनी सुनेला काही खुणा आधीच सांगून ठेवल्या होत्या, आणि तिने त्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवल्या होत्या. एक वाक्य एका दमात पुरे होत नसेल. गळ्याच्या खाचेत श्वासागणिक खळगा पडत असेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, श्वास आत घेताना पोट वर येण्याऐवजी आत जात असेल, तर श्वासपटल थकून शरण येत आहे असे समजावे. त्यानंतर श्वासांची संख्या आपोआप उतरू लागली आणि मनुष्य गुंगीत जाऊ लागला, तर ती सुधारणा मानू नये. स्नायूंनी काम सोडल्याची ती खूण आहे, आणि रक्तात कर्बवायू साठू लागलेला असतो. त्या रात्री सुनेने माझा हात तिच्या हातात घेतला, दुसरा तळहात माझ्या पोटावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ती उठली आणि मुलाला म्हणाली, ‘अहो, आप्पांचं पोट आत जातंय. सकाळची वाट पाहायची नाही.’

रुग्णालयात नाकात दोन जाड नळ्या घालून गरम, दमट आणि प्राणवायूने समृद्ध केलेली हवा मिनिटाला ४० लिटर या वेगाने सोडण्यात आली. पहिल्या क्षणी तो झोत अंगावर येतो. नंतर त्याची सवय होते. प्राणवायू वाढला हा त्याचा एक गुण झाला. दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटला: हा अखंड झोत घशातील जुनी वापरलेली हवा धुऊन काढतो, आणि म्हणून पुढचा श्वास आत जातो तेव्हा नाक्यापाशी ताजाच माल भरलेला असतो. जकात पूर्ण माफ होत नाही, कारण खालच्या नळ्यांचा अवकाश तसाच राहतो, पण तिचा एक भाग सुटतो. त्याच श्रमात अधिक हवा रक्तापर्यंत जाते, आणि गती आपोआप खाली येते. पहाटे सुनेने पुन्हा मोजले. ३६. मी श्वास मुद्दाम मंद केला नव्हता. मला तो तेवढाच पुरू लागला होता. संसर्ग उतरायला पुढे नऊ दिवस लागले.

त्या वेळेपासून मी श्वासाला हुकूम करण्याचे सोडून दिले आहे, आणि श्वासावर पडणारी मागणी तेवढी हिशेबात ठेवतो. आमच्या जिन्याला १९ पायऱ्या आहेत. पूर्वी मी दम धरून एकदम चढत असे आणि वर जाऊन खांबाला टेकत असे. श्वास रोखून केलेल्या त्या चढणीची सगळी देणी एकदम थकत आणि वर गेल्यावर जप्तीच येत असे. व्यायाम शिकविणाऱ्या मुलीने मला सांगितले, ‘काका, पाऊल उचलताना श्वास सोडा, आणि दोन पायऱ्यांनंतर थांबा, धाप लागली म्हणून नव्हे, धाप लागण्याआधी.’ वरच्या टप्प्यावर आम्ही एक स्टूल ठेवले आहे. तेथे बसून मी पुढे वाकतो आणि कोपरे गुडघ्यांवर टेकवतो, म्हणजे हात पेलण्याचे काम खांद्यांच्या आणि मानेच्या स्नायूंकडून सुटते आणि ते बरगड्या उचलायला मोकळे होतात. अंघोळ बसून करतो; जेवण थोडे आणि चार वेळा घेतो, कारण भरलेले पोट श्वासपटलाला खाली उतरू देत नाही. चालताना लावलेल्या प्राणवायूने ताठपणा तिळभरही कमी होत नाही, पण रक्तातील उणीव भरून निघते आणि मेंदूकडून येणारा तगादा सौम्य होतो.

वही अजून उशाशी असते. सून रोज संध्याकाळी, मी पाऊण तास स्वस्थ बसल्यानंतर, माझ्या नकळत मोजते, कारण मोजले जात आहे हे कळले की श्वास बदलतो. बहुतेक दिवशी ३१ ते ३४ च्या दरम्यान आकडा पडतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी परवा ती पाने चाळली आणि सहानुभूतीने म्हणाले, ‘आप्पा, अजून तेहतीसच? काही उतार नाही?’ मी त्यांना शेवटच्या पानावरचे कोष्टक उघडून दाखविले, आणि साडेसत्तेचाळीसच्या आकड्यावर बोट ठेवून सांगितले की या छातीला याहून स्वस्त श्वास नाही. तेहतीस हा माझा आजार नव्हे, त्या आजारात माझ्या शरीराने लावलेला तो बंदोबस्त आहे.